‘हवं तसं करून देऊ’ हे वाक्य पत्रातून काढा

प्रश्न

ताई, मी नौपाड्यात राहते. चार वर्षं घरून दिवाळीचे गिफ्ट हॅम्पर करते: सुकामेवा, चिवडा, शंकरपाळी, हाताने रंगवलेल्या पणत्या. गेल्या वर्षी ओळखीपाळखीत ११० बॉक्स गेले. मदतीला दोघीजणी आहेत. अन्नपदार्थांची एफएसएसएआय नोंदणी, जीएसटी, उद्यम सगळं आहे. गेल्या वर्षी ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधल्या चाळीस कंपन्यांच्या एचआर प्रमुखांना ई-मेल केली. दोन पानी पत्र, बारा फोटो, आणि ‘तुमच्या बजेटमध्ये हवं तसं करून देऊ, दर ऑर्डरप्रमाणे’ असं लिहिलं. तिघांनी ‘दर कळवा’ म्हटलं, मग तेही गप्प. मोठे व्हेंडर स्वस्तात देतात आणि माझं इंग्रजी साधं. यंदा दर आणखी उतरवू का? पत्र कोणाकडून तरी चांगलं लिहून घेऊ का?

— नौपाड्याची वाचक

उत्तर

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: तिघांनी ‘दर कळवा’ म्हटलं. म्हणजे ज्यांनी उत्तर दिलं त्यांना तुमचा दर माहीतच नव्हता. मग दर जास्त म्हणून ऑर्डर गेली, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? आणि ज्या सदतीस जणांनी उत्तरच दिलं नाही, त्यांनाही तो माहीत नव्हता. दर उतरवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. इंग्रजीचाही.

मी स्वतः महाप्याच्या एका कंपनीत अकरा वर्षं खरेदी विभागात होते. दिवाळीआधी अशी पत्रं एचआरच्या मॅडमकडून माझ्याकडे यायची, म्हणून आतून काय होतं ते सांगते. एचआर प्रमुखाला बॉक्स आवडला म्हणून ती तो विकत घेऊ शकत नाही. तिला मंजुरीची एक नोट टाकावी लागते. त्या नोटमध्ये पाच गोष्टी लागतात: माणसं किती, माणशी दर किती, करासकट एकूण किती, माल कुठल्या तारखेला येणार आणि आगाऊ किती द्यायचे. ज्या पत्रातून या पाच गोष्टी उचलून नोटमध्ये टाकता येतात ते पत्र पुढे सरकतं. ज्यात त्या नसतात त्याला ‘दर कळवा’ असं उत्तर जातं, तुमच्याकडून ‘किती बॉक्स हवेत?’ असा उलटा प्रश्न येतो, आणि तोवर दुसऱ्या कोणाचं तरी पत्र टेबलावर पोचलेलं असतं. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं असावं.

त्यामुळे ‘हवं तसं करून देऊ’ हे वाक्य तुम्हाला उदार वाटतं, पण वाचणाऱ्याला ते काम वाटतं. काय हवं हे तिने ठरवायचं, बजेट तिने सांगायचं, मग तुम्ही बोलणार. त्याऐवजी तुम्ही एकच बॉक्स ठरवा, त्याचा पूर्ण दर सांगा, त्यात काय बदलता येईल आणि काय नाही ते सांगा, आणि प्रत्येक बदलाला किती दिवस लागतील ते सांगा. आपल्याला काय जमत नाही हे लिहायला घरगुती धंदेवाले कचरतात. खरेदीच्या टेबलावरून बघताना मात्र मर्यादा लिहिणारा माणूस काम केलेला वाटायचा.

आधी दर घेऊ. तुमच्याच वस्तूंचा एक बॉक्स मी कागदावर मांडते. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तिथे तुमचे घाला. १०० ग्रॅम बदाम ९० रुपये, १०० ग्रॅम काजू ९५, २०० ग्रॅम चिवडा ६५, २०० ग्रॅम शंकरपाळी ७०, दोन पणत्या ३०. आतला माल झाला ३५० चा. कप्प्यांचा कोरा बॉक्स ९०, त्यावर कंपनीच्या नावाची छापील पट्टी, जिला सगळे स्लीव्ह म्हणतात, ती २०, शुभेच्छापत्र ५, आतली पाकिटं, लेबलं, कागद मिळून २५. हे १४०. भरण्याची मजुरी २५ आणि टेम्पो-हमाली १५ धरली की ५३० होतात. त्यावर तीन टक्के तूट धरायलाच हवी. पणतीचा कान तुटतो, बॉक्सचा कोपरा दबतो, मोजणीत दोन कमी भरतात. सोळा रुपये तिचे. असा एक बॉक्स तुम्हाला ५४६ ला पडला. ७०० ला दिलात तर १५४ उरतात, आणि त्यातच फुकट वाटलेले नमुने, महिना-दीड महिना अडकलेले पैसे आणि तुमचे स्वतःचे कष्ट आले. गेल्या वर्षीच्या बॉक्समध्ये यातल्या तूट आणि मजुरी या दोन रकमा तुम्ही धरल्या होत्या का, हे वही काढून बघा. बहुतेक जणी धरत नाहीत, आणि म्हणून त्यांना आपण स्वस्त आहोत असं वाटतं.

आता मोठ्या ऑर्डरीची सूट. संख्या वाढली की नेमकं काय स्वस्त होतं? तीनशे बॉक्सचे बदाम घेतले म्हणून वाशीच्या मसाला मार्केटमध्ये भाव फारसा हलत नाही. हलतात ते दोनच खर्च: स्लीव्हची छपाई आणि टेम्पो. समजा छपाईची प्लेट, मशीन लावणं वगैरे तीन हजार आणि वर नगामागे दहा रुपये. तीनशेला ती नगाला वीस पडते, शंभरला चाळीस. टेम्पो तीनशेसाठी साडेचार हजार म्हणजे नगाला पंधरा, शंभरसाठी तीन हजार म्हणजे तीस. दोन्ही मिळून फरक पस्तीस रुपयांचा. म्हणून दोनशेच्या वर ७०० आणि शंभर ते दोनशेच्या आत ७४० असे दोनच दर ठेवा. कोणी फोनवर ‘बल्कला पंधरा टक्के कमी करा’ म्हणालं तर १०५ रुपये जातात, आणि ते तुमच्या १५४ मधून जातात. कमीच करायचं असेल तर वस्तू कमी करा. काजू काढून शेंगदाण्याची चिक्की घाला आणि त्या बॉक्सला वेगळा दर लावा.

कराची गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण इथे एचआरला तुमचा खरा उपयोग होऊ शकतो. कंपनी इतर खरेदीवर भरलेला जीएसटी पुढे वजा करून घेते. पण भेट म्हणून वाटलेल्या मालावर ती सवलत कायद्याने मिळत नाही. म्हणजे तुमच्या बिलावरचा जीएसटी हा कंपनीचा निव्वळ खर्च असतो. माणशी ७५० मंजूर असतील तर ते बहुतेक वेळा करासकट ७५० असतात. ‘७०० अधिक कर’ लिहून गप्प बसू नका, ‘करासकट ७३५’ असंच लिहा.

आणि कर किती लागणार हे तुम्ही बॉक्समध्ये काय घालता त्यावर ठरतं. वेगवेगळ्या वस्तू एकत्र बांधून एका किमतीला विकल्या की त्याला मिश्र पुरवठा म्हणतात, आणि आतल्या ज्या वस्तूचा दर सर्वांत जास्त, तो संपूर्ण बॉक्सला लागतो. २०१७ च्या कायद्यात याचं उदाहरण म्हणून मिठाई, चॉकलेट, सुकामेवा, फळांचे रस घातलेलं एका किमतीचं पॅकेजच दिलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुकामेवा आणि फरसाणही मिठाईसारखं ५ टक्क्यांत आल्यामुळे तुमचा वरचा बॉक्स ५ टक्क्यांत बसतो. पण एखाद्या मॅडमनी सांगितलं, ‘चिवडा-शंकरपाळी काढून तेवढ्याच किमतीची थर्मासची बाटली घाला’, की बाटलीचे १८ टक्के संपूर्ण बॉक्सला चिकटतात. ७०० वर ३५ च्या जागी १२६ कर. माणशी ९१ रुपये जास्त, तीनशे माणसांत २७,३०० रुपये, आणि त्यातला एक रुपयाही ना तुमच्या हाती येतो ना कंपनीला परत मिळतो. बाटली हवीच असेल तर ती वेगळी, वेगळ्या किमतीने बिलात दाखवता येईल का, हे तुमच्या सीएंना आधीच विचारून ठेवा. हे तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलंत तर हिशेब विभागातला माणूस ते नक्की वाचेल.

ज्या वाचकांची उलाढाल लहान आहे आणि जीएसटी नोंदणी नाही, त्यांनी संकोच करू नये. फक्त महाराष्ट्रातच माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत ती सहसा लागत नाही, आणि भेटवस्तूंवर कंपनीला कराची वजावट मिळतच नसल्यामुळे तिचंही यात नुकसान नाही. मात्र काही कंपन्यांच्या व्हेंडर फॉर्मात तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, तेवढं आधी विचारून घ्या.

बदल करून देण्याच्या तुम्ही तीन पायऱ्या करा. पहिली, शुभेच्छापत्रावर कंपनीचं आणि हवं तर प्रत्येक माणसाचं नाव. हे डिजिटल छपाईवर तीन-चार दिवसांत होतं. दुसरी, कोऱ्या बॉक्सवर कंपनीच्या लोगोची स्लीव्ह. याला छापखान्यात एरवी आठवडा लागतो, दिवाळीच्या तोंडावर दहा-बारा दिवस धरा. तिसरी, संपूर्ण बॉक्सच छापील. त्यासाठी डाय, म्हणजे बॉक्सच्या आकाराचा कापायचा साचा, करावा लागतो, छपाई, लॅमिनेशन, कटिंग, चिकटवणं असे टप्पे असतात, आणि डायचा खर्च शंभर बॉक्सना तेवढाच, हजाराला तेवढाच. पाचशेच्या आत हे परवडत नाही आणि महिनाभर लागतो. तुम्ही ही तिसरी पायरी यंदा देऊच नका, आणि देत नाही असं पत्रात लिहा.

लोगोवरून एक व्यवहारातली अडचण. एचआरकडून लोगो म्हणून जे येतं ते बहुधा वेबसाइटवरून उतरवलेलं छोटं चित्र असतं. पडद्यावर छान दिसतं, स्लीव्हवर कडा फाटतात आणि कंपनीचा निळा जांभळा होतो. छापखान्याला लागणारी व्हेक्टर फाईल त्यांच्या मार्केटिंगवाल्यांकडे असते, आणि ती मिळायला चार दिवस जातात. म्हणून पत्रातच मागा. फाईल आली की मोठी करून बघा: कितीही मोठी केली तरी कड गुळगुळीत राहिली तर ती योग्य.

आता दिवस. एका वर्षी आमच्याकडे एका बाईंनी ‘दहा दिवसांत देते’ असं सांगितलं होतं. आम्ही दहा दिवस फोनच्या तारखेपासून मोजले, त्यांनी डिझाइन मंजूर झाल्यापासून. मधल्या पाच दिवसांत लोगोचा रंग कोणता यावर आमच्याच दोन विभागांची पत्रापत्री चालली होती. माल धनत्रयोदशीच्या संध्याकाळी फाटकावर आला. निम्मं ऑफिस गावाला निघून गेलं होतं. १४० बॉक्स पॅन्ट्रीत भिंतीला लावून ठेवले, आणि भाऊबीज उरकून आलो तेव्हा खालच्या थरातल्या लाडवांना मुंग्या लागल्या होत्या. त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी फक्त दहा दिवस कधीपासून ते लिहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांचं नाव यादीत आलं नाही आणि मी स्वतः त्यावर रेघ मारली होती, हे आज सांगताना मला वाईट वाटतं.

म्हणून पत्रात दिवस लिहू नका, तारखा लिहा, आणि त्या उलट्या मोजा. यंदा अधिक महिना येऊन गेल्यामुळे दिवाळी उशिरा आहे: लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. शुक्रवारी ६ तारखेला धनत्रयोदशी. म्हणजे कंपन्या ४ किंवा ५ तारखेला वाटप करतील, आणि तुमचा माल २ किंवा ३ ला पोचायला हवा. भरणं ३० ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर. फराळ त्याआधीचे चार दिवस, त्यापेक्षा लवकर करू नका. स्लीव्ह आणि बॉक्स २४ ऑक्टोबरला घरात हवेत. २० ला दसरा, त्या दिवशी छापखान्यात मशीनची पूजा होते, छपाई नाही. म्हणून फाईल छापखान्यात १० ऑक्टोबरला, डिझाइनला मंजुरी ८ पर्यंत, ऑर्डर आणि आगाऊ रक्कम ३ ऑक्टोबरपर्यंत. नमुना त्याआधी आठवडाभर त्यांच्या टेबलावर. मधे १४ सप्टेंबरला गणपती बसतात, आणि त्यानंतर पितृपक्ष. वागळे इस्टेट, रबाळ्याच्या मालक स्वतः चालवत असलेल्या कारखान्यांत त्या पंधरवड्यात नवी खरेदी ठरवणं टाळतात. तेव्हा पत्र ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेलं पाहिजे. गेल्या वर्षी तुम्ही ते कधी पाठवलं हे लिहिलं नाहीत. सप्टेंबरअखेर पाठवलं असेल तर सदतीस जणांच्या गप्प राहण्याचं मोठं कारण तेच.

आणखी एक विचारते: तुम्हा तिघींना किती बॉक्स झेपतील? भरणं अवघड नाही. एकीला बॉक्समागे सहा मिनिटं धरली तरी तिघी मिळून दिवसाला दीडशे होतात. अडतं ते फराळावर. तीनशे बॉक्सना साठ किलो चिवडा आणि साठ किलो शंकरपाळी लागते, तीही चार दिवसांत. घरच्या शेगडीवर हे होत नाही. घाईत चिवडा कोमट असतानाच पाकिटात भरला की आतून दव धरतं. सील केल्यावर अर्ध्या तासाने पाकीट उजेडात धरा. आतल्या बाजूला धुकं दिसलं तर तो चिवडा आठवड्यात सादळणार, आणि उघडणारा माणूस कंपनीलाच बोल लावणार. म्हणून शंकरपाळी एखाद्या नोंदणी असलेल्या बचत गटाकडून करून घ्या, त्यांच्याच लेबलने, आणि चिवडा तुम्ही करा. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, हिरवी खूण, किंमत आणि नोंदणी क्रमांक हे सगळं हवं. सुकामेवा सुटा आणून तुम्ही पाकिटं केलीत तर त्यावरही. एवढं करूनही यंदा सगळ्या कंपन्या मिळून चारशेच्या पुढे जाऊ नका.

चारशेच जमणार असतील तर ऐरोलीच्या दोन-दोन हजार माणसांच्या आयटी कंपन्यांना लिहून उपयोग नाही. तिथे व्हेंडर म्हणून नोंद व्हायलाच काही आठवडे जातात, आणि खरेदी पुष्कळदा दुसऱ्या शहरातून होते. शंभर ते तीनशे माणसांची ठिकाणं शोधा: वागळे, रबाळे, तुर्भ्याचे कारखाने, घोडबंदर रोडवरची रुग्णालयं, मालवाहतूक कंपन्या, मोठ्या सीए फर्म. चाळीस नको, पंधराच पत्रं पाठवा, पण प्रत्येकावर माणसाचं नाव घाला.

आता पत्राचा मसुदा. इंग्रजीत पाठवायचं झालं तरी क्रम हाच ठेवा, वाक्यं साधीच राहू द्या, एका पानाबाहेर जाऊ नका.

> विषय: दिवाळी २०२६, कर्मचारी भेट बॉक्स, करासकट ७३५ रुपये, पोच २ किंवा ३ नोव्हेंबर
>
> माननीय (नाव) मॅडम,
>
> आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दिवाळी भेट बॉक्सचा हा प्रस्ताव. बॉक्समध्ये बदाम १०० ग्रॅम, काजू १०० ग्रॅम, पोह्यांचा चिवडा २०० ग्रॅम, शंकरपाळी २०० ग्रॅम आणि हाताने रंगवलेल्या दोन पणत्या असतील. सर्व पदार्थ शाकाहारी असून कांदा-लसूण वापरलेला नाही.
>
> २०० ते ४०० बॉक्ससाठी दर ७०० रुपये, ५ टक्के जीएसटी धरून ७३५ रुपये. १०० ते १९९ बॉक्ससाठी ७४० रुपये, जीएसटी धरून ७७७ रुपये. आपल्या कार्यालयात, एका पत्त्यावर पोच यात धरली आहे. हे दर ३ ऑक्टोबरपर्यंत ऑर्डर दिल्यास लागू. घरपोच कुरिअरचा खर्च वेगळा.
>
> बॉक्सवर आपल्या लोगोची स्लीव्ह आणि आत आपल्या मजकुराचं शुभेच्छापत्र या दरात आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव हवं असल्यास यादी १५ ऑक्टोबरपर्यंत द्यावी. संपूर्ण छापील बॉक्स आम्ही यंदा करत नाही. थर्मास, अत्तर यांसारखी १८ टक्के कराची वस्तू घातल्यास संपूर्ण बॉक्सवर १८ टक्के लागू शकतात, म्हणून त्या आम्ही सुचवत नाही.
>
> ऑर्डर आणि ५० टक्के आगाऊ रक्कम ३ ऑक्टोबर, लोगोची व्हेक्टर फाईल ५ ऑक्टोबर, डिझाइनला अंतिम मंजुरी ८ ऑक्टोबर. या तारखा पाळल्यास माल २ किंवा ३ नोव्हेंबरला पोचेल. मंजुरी जितके दिवस पुढे जाईल तितके दिवस पोच पुढे जाईल. संख्येत ५ टक्क्यांपर्यंत वाढ २० ऑक्टोबरपर्यंत याच दराने स्वीकारू.
>
> उरलेली रक्कम पोच झाल्यापासून १५ दिवसांत. जीएसटी, उद्यम, एफएसएसएआय आणि पॅनच्या प्रती व रद्द केलेला धनादेश आपण सांगाल त्या दिवशी पाठवेन.
>
> नमुना बॉक्स आपल्या कार्यालयात आणून दाखवू शकेन. पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी येऊ?
>
> (नाव, मोबाइल, उद्यम क्रमांक)

विषयाच्या ओळीतच दर आणि तारीख आहे, कारण मोबाइलवर आधी तेवढंच दिसतं. बारा फोटो काढून टाका. एकच जोडा: झाकण उघडलेल्या बॉक्सचा, वरून, दिवसाच्या उजेडात काढलेला. ‘कांदा-लसूण नाही’ ही ओळ लहान आहे, पण आपल्या भागातल्या प्रत्येक ऑफिसात चार-दोन जैन मंडळी असतात आणि एचआरला तो प्रश्न येतोच. चिवड्यात खरोखर लसूण नसेल तरच ती ठेवा.

५० टक्के आगाऊ मागितल्यावर काही कंपन्या ‘आमच्याकडे आगाऊची पद्धत नाही’ म्हणतील. तेव्हा लगेच नाही म्हणू नका, पण संख्या आवरा. शंभर बॉक्समध्ये तुमचे साधारण ५५ ते ६० हजार अडकतील. तेवढे दोन महिने बाहेर राहिले तर घर चालतं का, हा हिशेब घरात आधी करून घ्या. चालत असेल तर एवढी एकच ऑर्डर आगाऊशिवाय घ्या, दुसरी नाही. उद्यम क्रमांक पत्रात आणि बिलावर ठळक टाका. २००६ च्या सूक्ष्म-लघू उद्योग कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराला लेखी ठरावानेही ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाही, आणि लेखी काही ठरलं नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. हिशेब विभागाला हे माहीत असतं. क्रमांक समोर दिसला की तुमचं बिल ढिगात खाली जात नाही.

पत्र पाठवल्यावर चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन करा. ‘माझं पत्र मिळालं का’ असं विचारलंत की ‘हो, बघतो’ एवढंच ऐकायला मिळेल. विचारायचं असं: ‘मॅडम, यंदा दिवाळीच्या भेटीची मंजुरी कोण बघतंय, तुम्ही का ॲडमिन?’ याचं उत्तर नेमकं येतं, आणि नमुना घेऊन कोणाकडे जायचं ते कळतं. नमुना देताना आतल्या चिवड्याच्या पाकिटावर त्या दिवसाची तारीख असू द्या. खरेदीच्या टेबलावर बसणारी मी तरी सगळ्यात आधी तेच उलटून बघायचे.

ऑर्डर मिळाली तर त्याच फोनवर टेम्पोचं विचारून ठेवा: गाडीचा पास कोण काढणार, माल उतरवायची वेळ कोणती, तळघरात उतरवायचा असेल तर उंची किती चालते. एका खोक्यात दहा बॉक्स, खोक्यावर मजल्याचा आकडा. दहा बॉक्सचं खोकं हमालाला एकट्याला उचलता येतं, आणि फाटकावर आत सोडतात ते बहुधा एकालाच.